आयझेन्श्टाइनच्या निकषाने बहुपदीची अविघटनीयता कशी तपासावी

x⁴ + 4 आणि x⁴ + 1 या दोन बहुपदी शेजारी शेजारी लिहिल्या तर त्यांत फक्त शेवटच्या पदाचा फरक दिसतो. तरीही पहिलीचे पूर्णांक सहगुणकांचे अवयव पडतात आणि दुसरीचे पडत नाहीत. आणि दुसरीचे पडत नाहीत हे विधानही वास्तव संख्या वापरण्याची मुभा मिळताच खोटे ठरते. त्यामुळे ‘ही बहुपदी अविघटनीय आहे का?’ हा प्रश्न, कोणत्या संख्या वापरून अवयव पाडायचे हे सांगितल्याशिवाय पूर्ण होत नाही. या लेखात पूर्णांक सहगुणकांची बहुपदी घेऊन, एका मूळ संख्येच्या आधारे तिची अविघटनीयता कशी तपासावी ते पाहू. ही पद्धत आयझेन्श्टाइनचा निकष म्हणून ओळखली जाते. आयझेन्श्टाइन यांनी ती १८५० मध्ये प्रसिद्ध केली, परंतु श्योनेमान यांनी त्याआधीच, १८४६ मध्ये, ती मांडली होती. म्हणून दोघांचेही नाव घेणे मला अधिक न्याय्य वाटते.

निकष असा आहे. बहुपदीतील सर्वांत मोठ्या घाताच्या पदाचा सहगुणक, म्हणजे अग्र सहगुणक, वगळता बाकी प्रत्येक सहगुणकाला एखाद्या मूळ संख्येने, समजा p ने, निःशेष भाग जात असेल, अग्र सहगुणकाला p ने भाग जात नसेल आणि स्थिर पदाला p² ने भाग जात नसेल, तर त्या बहुपदीचे परिमेय सहगुणक असलेल्या, तिच्याहून कमी कोटीच्या दोन बहुपदींत अवयव पडत नाहीत.

आधी बहुपदी नीट मांडून घ्यावी

घातांकाच्या उतरत्या क्रमाने सगळी पदे लिहावीत आणि जी पदे नाहीत त्यांच्या जागी शून्य सहगुणक लिहावा. शून्याला प्रत्येक संख्येने भाग जातो, त्यामुळे मधली गाळलेली पदे निकषाच्या आड येत नाहीत. पण ती लिहिली नाहीत तर हिशेबात चूक होण्याचा संभव मोठा असतो. स्थिर पदच शून्य असेल तर निकष लावण्याची गरज नाही, कारण मग x हा अवयव उघडच आहे.

यानंतर सर्व सहगुणकांचा मसावि काढावा. पूर्णांक आणि परिमेय संख्या यांतील फरक नेमका याच ठिकाणी दिसतो. उदाहरणार्थ 6x³ + 30x − 20 ही बहुपदी घेऊ. मूळ संख्या ५ घेतली, तर ३० आणि २० यांना ५ ने भाग जातो, ६ ला जात नाही आणि २० ला २५ ने भाग जात नाही. निकष पूर्ण झाला, म्हणून परिमेय संख्यांवर ही बहुपदी अविघटनीय आहे. तरीही ती 2(3x³ + 15x − 10) अशी लिहिता येते. परिमेय संख्यांमध्ये २ ला व्यस्त आहे, त्यामुळे तेथे २ हा अवयव म्हणून मोजला जात नाही. पूर्णांकांमध्ये मात्र व्यस्त केवळ १ आणि −१ यांनाच असतो, म्हणून तेथे २ हा खरोखरीचा अवयव ठरतो आणि मूळ बहुपदी पूर्णांकांवर विघटनीय ठरते. कंसातल्या बहुपदीच्या सहगुणकांचा मसावि १ आहे, त्यामुळे ती दोन्हीकडे अविघटनीय आहे.

मसावि बाहेर काढल्यावर मात्र दोन्हीकडचा निर्णय नेहमी एकच येतो. परिमेय सहगुणकांचे अवयव पडत असतील तर त्याच कोटीचे पूर्णांक सहगुणकांचे अवयवही पाडता येतात, असे गाउस यांनी १८०१ मध्ये दाखवलेल्या एका सिद्धांतावरून निघते. म्हणूनच पुढची सगळी तपासणी आपण निर्धास्तपणे पूर्णांकांत करू शकतो.

मूळ संख्या कशी निवडावी

मूळ संख्या अंदाजाने शोधू नये. अग्र सहगुणक सोडून उरलेल्या सहगुणकांचा मसावि काढावा; p ही त्या मसाविला भागणारी मूळ संख्याच असावी लागते. 2x⁴ − 6x³ + 0x² + 9x − 15 या बहुपदीत ६, ०, ९ आणि १५ यांचा मसावि ३ आहे, म्हणून तपासायची मूळ संख्या एकच, ३. अग्र सहगुणक २ ला ३ ने भाग जात नाही आणि १५ ला ९ ने भाग जात नाही. म्हणून ही बहुपदी अविघटनीय आहे.

हे का घडते ते याच उदाहरणावर पाहावे, म्हणजे तीनही अटी कशासाठी आहेत ते समजते. समजा, या बहुपदीचे g आणि h असे दोन अवयव पडले. g चे सहगुणक स्थिर पदापासून b₀, b₁, b₂ … आणि h चे c₀, c₁, c₂ … मानू. तेव्हा b₀ × c₀ = −15. पंधरामध्ये ३ हा अवयव एकदाच येतो, म्हणून b₀ आणि c₀ यांपैकी नेमक्या एकाला ३ ने भाग जातो. तो b₀ आहे असे धरू. आता x चा सहगुणक पाहावा: b₀c₁ + b₁c₀ = 9. नऊला ३ ने भाग जातो, पहिल्या पदालाही जातो, म्हणून b₁c₀ ला जायलाच हवा. c₀ ला तो जात नाही, तेव्हा b₁ ला जातो. x² च्या सहगुणकावरून याच रीतीने b₂ लाही ३ ने भाग जातो असे मिळते आणि तसेच पुढे जात g च्या प्रत्येक सहगुणकापर्यंत पोहोचता येते, कारण g ची कोटी ४ पेक्षा कमी आहे. पण मग g च्या अग्र सहगुणकालाही ३ ने भाग जाईल आणि त्यामुळे मूळ बहुपदीच्या अग्र सहगुणकाला, म्हणजे २ ला, ३ ने भाग जावा लागेल. तो जात नाही, म्हणून असे अवयव असू शकत नाहीत.

स्थिर पदाला ९ ने भाग जात असता तर b₀ आणि c₀ या दोघांनाही ३ ने भाग जाण्याची शक्यता उरली असती आणि हा युक्तिवाद पहिल्याच टप्प्यावर थांबला असता. माझ्या अनुभवात विद्यार्थी सर्वांत जास्त वेळा विसरतात ती p² ची हीच अट.

निकष सरळ लागू होत नसेल तेव्हा

x⁴ + 1 मध्ये स्थिर पद १ आहे, त्यामुळे कोणतीच मूळ संख्या चालत नाही. अशा वेळी x च्या जागी x + 1 ठेवून पाहावे. f चे अवयव पडत असतील तर f(x + 1) चेही त्याच कोटीचे अवयव पडतील आणि उलटही खरे आहे, त्यामुळे या बदलाने उत्तर बदलत नाही.

```
(x+1)^4 + 1 = x^4 + 4x^3 + 6x^2 + 4x + 2
```

येथे ४, ६, ४ आणि २ सम आहेत, अग्र सहगुणक १ विषम आहे आणि २ ला ४ ने भाग जात नाही. म्हणून x⁴ + 1 अविघटनीय आहे.

किती सरकवायचे हेही हिशेबाने ठरवता येते. x च्या जागी x + c ठेवून p साठी निकष लागू व्हायचा असेल, तर p चे गुणक सोडून दिल्यावर मूळची n कोटीची बहुपदी अग्र सहगुणक गुणिले (x − c)ⁿ अशी दिसली पाहिजे. x³ − 3x − 1 घ्या. (x − 1)³ = x³ − 3x² + 3x − 1 असल्याने, ३ चे गुणक सोडले तर दोन्ही बहुपदी x³ − 1 एवढ्याच उरतात. म्हणून p = 3 आणि c = 1 घ्यावे:

```
(x+1)^3 - 3(x+1) - 1 = x^3 + 3x^2 - 3
```

मूळ संख्या ३ साठी तीनही अटी पूर्ण होतात. ही बहुपदी मी मुद्दाम निवडली आहे, कारण तिची किंमत शून्य करणाऱ्या संख्यांपैकी एक 2cos 20° आहे, आणि ती परिमेय संख्यांवर अविघटनीय असल्यामुळेच ६०° चा कोन केवळ कंपास आणि पट्टीने त्रिभागता येत नाही. वांझेल यांनी १८३७ मध्ये या अशक्यतेची सिद्धता दिली.

वास्तव संख्यांवर हा निकष काही सांगत नाही

x³ − 3x − 1 ची किंमत सुमारे 1.879, −0.347 आणि −1.532 या तीन वास्तव संख्यांना शून्य होते. म्हणजे परिमेय संख्यांवर मुळीच न फुटणारी ही बहुपदी वास्तव संख्यांवर तीन रेषीय अवयवांत फुटते. आधीच्या 3x³ + 15x − 10 ची किंमत मात्र x बरोबर सतत वाढत जाते, त्यामुळे ती एकदाच, ० आणि १ यांच्या दरम्यान, शून्य होते आणि तिचे एक रेषीय व एक वर्गबहुपदी असे अवयव पडतात. वास्तव संख्यांवर अविघटनीय बहुपदी दोनच प्रकारच्या असतात: रेषीय, आणि विवेचक ऋण असलेल्या वर्गबहुपदी. तीन किंवा अधिक कोटीची कोणतीही बहुपदी तेथे फुटतेच, मग p काहीही असो.

आता सुरुवातीच्या जोडीकडे परत येऊ. दोन्हींचा पूर्ण वर्ग करून पाहावा:

```
x^4 + 4 = (x^2 + 2)^2 - 4x^2
x^4 + 1 = (x^2 + 1)^2 - 2x^2
```

पहिल्यात 4x² हा 2x चा वर्ग आहे, म्हणून (x² + 2x + 2)(x² − 2x + 2) असे पूर्णांकांचे अवयव मिळतात. दुसऱ्यात वर्गांची वजाबाकी करायला √2 लागते आणि (x² + √2x + 1)(x² − √2x + 1) असे अवयव मिळतात; √2 परिमेय नाही, त्यामुळे ते फक्त वास्तव संख्यांवर चालतात.

निकष न लागल्यास काय समजू नये

x⁴ + 4 मध्ये p = 2 घेतल्यास केवळ शेवटची अट मोडते, कारण स्थिर पद ४ ला ४ ने भाग जातो, आणि ही बहुपदी खरोखरच विघटनीय आहे. पण x² + 4 मध्येही नेमकी तीच अट मोडते. तेथे x च्या जागी x + c ठेवले, तर x² + 2cx + (c² + 4) मिळते. c सम असेल तर स्थिर पदाला ४ ने भाग जातो, c विषम असेल तर स्थिर पदच विषम होते. आणि p विषम असेल तर 2c ला भाग जाण्यासाठी c ला p ने भाग जावा लागतो, मग c² + 4 ला तो जात नाही. म्हणजे कितीही सरकवले तरी निकष लागू होत नाही, आणि तरीही x² + 4 पूर्णांक, परिमेय आणि वास्तव या तिन्ही संख्यांवर अविघटनीय आहे. निकष लागला तर अविघटनीयता सिद्ध होते. तो लागला नाही तर एवढ्यावरून काहीच ठरत नाही. कोटी २ किंवा ३ असेल, तर स्थिर पदाचा विभाजक भागिले अग्र सहगुणकाचा विभाजक अशा रूपाच्या सर्व परिमेय संख्या, धन आणि ऋण दोन्ही, बहुपदीत घालून पाहाव्यात; एकीनेही किंमत शून्य झाली नाही तर बहुपदी परिमेय संख्यांवर अविघटनीय असते. कोटी ४ असेल तर एवढे पुरत नाही, कारण x⁴ + 4 ची किंमत कोणत्याही वास्तव संख्येला शून्य होत नाही आणि तरी ती दोन वर्गबहुपदींत फुटते. म्हणून तेथे वर्गबहुपदींचे अवयवही स्वतंत्रपणे, त्यांच्या स्थिर पदांचा गुणाकार मूळ स्थिर पदाएवढा ठेवून, तपासावे लागतात.