आयपीएफ: पहिली गोळी लिहिताना होणाऱ्या या चुका टाळा

मुंबईत छातीच्या ओपीडीत बसून बरीच वर्षं झाली. इडिओपॅथिक पल्मनरी फायब्रोसिस, म्हणजे आयपीएफ, हा कारण न कळता फुप्फुसात व्रण साचत जाण्याचा आजार. त्याच्या पेशंटची फाइल उघडली की त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा समोर येतात. टीबी समजून महिनोन्‌महिने गोळ्या खाऊ घालण्याबद्दल पुष्कळ बोलून झालंय. मला बोलायचंय ते निदान पक्कं झाल्यानंतर जे चुकतं त्याबद्दल. लिहितोय नव्या डॉक्टरांसाठी, पण घरच्यांनीही वाचावं.

पुढे काय होणार, हे न सांगणं

लालबागच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहणारे एक काका, वय ६८. दादरचा पूल चढताना दोनदा थांबावं लागतं म्हणून आले. पाठीला स्टेथोस्कोप लावला तर खालच्या बाजूला दोन्हीकडे व्हेल्क्रोची पट्टी सोडवल्यासारखा आवाज. सीटीत मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी. एफव्हीसी, म्हणजे एका दमात जोराने बाहेर सोडता येणारी हवा, अपेक्षेच्या ६२ टक्के. डीएलसीओ, म्हणजे फुप्फुसातून रक्तात वायू पोचवण्याची क्षमता, ४१ टक्के. मी निंटेडॅनिब हे आयपीएफवरचं औषध लिहून दिलं. मुलाने दाराबाहेर गाठून सांगितलं, "डॉक्टर, बाबांना काही बोलू नका, ते खचतील." मी मान डोलावली. काकांनी विचारलं, "या गोळीने बरं वाटेल ना?" मी म्हणालो, "औषध चांगलं आहे, बघू या."

सात महिन्यांनी, जुलैमध्ये, चार दिवसांत सगळं फिरलं. गॅलरीच्या टोकाला संडासपर्यंत स्वतः चालत जाणारे काका बसल्या जागी धापा टाकू लागले. पावसाळी खोकला समजून घरच्यांनी ते चारही दिवस कोपऱ्यावरच्या दुकानातलं अँटिबायोटिक दिलं होतं. आणलं तेव्हा ऑक्सिजन ७८, आणि सीटीत जुन्या जाळीवर दोन्ही फुप्फुसांत नवा धुरकट पांढरेपणा. रात्री दोन वाजता आयसीयूच्या दारात मी त्या मुलाला पहिल्यांदा सांगत होतो की हा आजार असा अचानक उसळतो आणि यातून बहुतेकदा माणूस वाचत नाही. तो म्हणत राहिला, "अहो, गेल्या रविवारी मंडळाच्या मीटिंगला जाऊन आले." व्हेंटिलेटर लावला. अकराव्या दिवशी काका गेले. ते अकराही दिवस त्यांना बोलता आलं नाही, आणि नळी घालायची की नाही हे त्यांना आधी कुणी विचारलंच नव्हतं. ते विचारणं माझं काम होतं.

आयपीएफ उतारावरून हळूहळू उतरत जातो असं आपण समजतो. पण कुणी वर्षानुवर्षं जवळपास जागेवर राहतो, कुणी भराभर खाली येतो, आणि कुणी स्थिर असतानाच एका आठवड्यात कोसळतो. आत्ताची औषधं येण्याआधी निदानानंतर निम्मे पेशंट तीन ते पाच वर्षांत जात. एका माणसाचं काय होईल हे कुणी सांगू शकत नाही, पण अंदाज बांधता येतो. त्यासाठी मी गॅप स्कोअर काढतो. काकांचा काढून बघा: पुरुष म्हणून १, वय ६५च्या वर म्हणून २, एफव्हीसी ५० ते ७५च्या मधे म्हणून १, डीएलसीओ ३६ ते ५५च्या मधे म्हणून १. झाले ५, म्हणजे दुसरा टप्पा. या टप्प्यावरच्या शंभर जणांपैकी साधारण सोळा वर्षभरात आणि बेचाळीस तीन वर्षांत दगावतात. कागदावर हा हिशोब दोन मिनिटांचा आहे. मी तेव्हा तो केला नाही.

आकडा मी आपणहून पेशंटच्या पुढ्यात टाकत नाही. आधी विचारतो, "या आजाराबद्दल तुम्हाला काय वाटतंय?" मग, "पुढचं किती ऐकायला आवडेल? सगळं, की थोडं थोडं?" "मुलाशी बोला, मला नको" असं उत्तर आलं तर तो त्यांचा हक्क आहे, पण ते त्यांच्या तोंडून यायला हवं, मुलाच्या नाही. ऐकायचं असेल तर सांगतो, "आपण महिन्यांत नाही, वर्षांत बोलतोय. पण ही वर्षं मोजकी असू शकतात, आणि मधेच अचानक बिघडूही शकतं." एवढं बोलून मी गप्प बसतो. नव्या डॉक्टरांना ही शांतता झेपत नाही, ते लगेच औषधांकडे वळतात. वळू नका. पुढचा प्रश्न पेशंटला विचारू द्या.

गोळीबद्दल जास्त आशा लावणं

निंटेडॅनिब असो की पिरफेनिडोन, गोळीने व्रण पुसला जात नाही, फुप्फुसाची घसरण मंदावते. निंटेडॅनिबच्या २०१४च्या मोठ्या चाचणीत गोळी न घेणाऱ्यांची एफव्हीसी वर्षाला सुमारे २४० मिली उतरली, घेणाऱ्यांची ११५. म्हणजे निम्मी घसरण वाचली, पण दम कमी झाला नाही. हे आधी सांगितलं नाही तर दुसऱ्या महिन्यात जुलाब लागले की पेशंट म्हणतो, "फरक काहीच नाही, वर हा त्रास," आणि गोळी बंद करतो. निंटेडॅनिब घेणाऱ्या निम्म्याहून जास्त लोकांना जुलाब होतात. माझी सवय अशी: १५० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, भरल्या पोटीच, आणि जुलाब थांबवणाऱ्या लोपरामाइडची पट्टी पहिल्या दिवसापासून घरात. तरी थांबलं नाही तर १०० मिलिग्रॅमवर आणायचं किंवा थोडे दिवस थांबवून पुन्हा सुरू करायचं. पिरफेनिडोन मी २०० मिलिग्रॅमच्या गोळीपासून आठवड्या-आठवड्याने वाढवतो, जेवणासोबत, आणि दुपारच्या उन्हात छत्री. पहिल्याच दिवशी पूर्ण डोस लिहिणाऱ्यांचे पेशंट दहा दिवसांत मळमळीने हैराण होऊन माझ्याकडे येतात. लिव्हरची तपासणी सुरुवातीला दर महिन्याला, कुणालाही सूट नाही.

अचानक वाढलेल्या दमाला खोकल्याचं औषध

महिन्याभराच्या आत दम स्पष्ट वाढला, तर त्याच दिवशी रुग्णालयात. तिथे आधी हृदय, फुप्फुसातली गुठळी, फुटलेलं फुप्फुस आणि जंतुसंसर्ग पाहायचा. हार्ट फेल्युअर नाही आणि सीटीत दोन्हीकडे नवा धुरकटपणा आहे, तर ते अक्यूट एक्झॅसरबेशन, म्हणजे आजाराची अचानक उसळी. आपण सगळे स्टेरॉइड देतो, पण त्यामागचा पुरावा कच्चा आहे. सायक्लोफॉस्फामाइडने तर फायदा दिसलाच नाही. या झटक्यात निम्म्याच्या आसपास पेशंट रुग्णालयातच जातात, व्हेंटिलेटरवर त्याहून जास्त. म्हणून नळीचा प्रश्न बरं असतानाच विचारायचा आणि उत्तर फाइलच्या पहिल्या पानावर लिहायचं.

दोन छोट्या गोष्टी. ऑक्सिजन बसल्या जागी मोजून खूश होऊ नका, गॅलरीतून एक फेरी मारून आल्यावर मोजा. ९५चा ८४ झालेला दिसेल. आणि पक्क्या आयपीएफला प्रेडनिसोलोन व अझाथायोप्रिन "चालू राहू दे" म्हणून चालू ठेवू नका, त्याने मृत्यू वाढतात हे २०१२मध्येच दिसलंय.

काकांनंतर गिरगावच्या एका मावशींशी मी पहिल्याच भेटीत हे सगळं बोललो. त्या बराच वेळ पदराशी चाळा करत बसल्या. मग म्हणाल्या, "मला नळी नको. पण मालवणला जायचंय, पुढच्या मेमध्ये जाऊ म्हणत होतो." मी म्हणालो, "मे कशाला, दिवाळीत जा." मुलीने कॉन्सन्ट्रेटर गाडीत टाकला, आणि गावात वीज जाते म्हणून सोबत एक सिलिंडर घेतला.