टूजवर चालताना पाय घसरू नये म्हणून

ॲनिमेशनमध्ये टूजवर म्हणजे २४ फ्रेमच्या सेकंदात एक चित्र दोन फ्रेम धरायचं. सेकंदाला १२ चित्रं, प्रत्येकी सुमारे ८३ मिलिसेकंद. ६० फ्रेमच्या गेममध्ये हे बरोबर ५ फ्रेम होतात. चित्राची कॉपी करून दोन फ्रेम भरू नका, त्या चित्राचा कालावधीच वाढवा. कॉपी केली तर ओनियन स्किनमध्ये, म्हणजे मागची-पुढची चित्रं फिकट दाखवणाऱ्या सोयीत, मागे तेच चित्र दिसतं आणि अंतर मोजता येत नाही.

आता आठ चित्रांची चाल घ्या. मागचं एक आणि पुढचं एक चित्र वेगळ्या रंगात, फिकट ठेवा. तीन-तीन दाखवलीत तर पायांचा नुसता गुंता होतो. पात्र जागेवरच चालतं, म्हणून जमिनीला टेकलेली टाच दर चित्रात सारखीच मागे सरकायला हवी, समजा ३ पिक्सेल. मग गेममधला वेग सेकंदाला ३६ पिक्सेल. एका ठिकाणी अंतर ५ झालं की तिथेच पाय बर्फावरून घसरल्यासारखा दिसतो. आठव्यावरून पहिल्यावर जाताना हे हमखास होतं, कारण तिथे पुढचं चित्र दिसत नसतं. ओनियन स्किन लूपमध्ये फिरवून तो सांधा तपासा.

हवेतल्या पायाला हा नियम नाही, तो मधे वेगानेच जावा.