दुकानाचा गाळा भाड्याने घेताना: सही करण्याआधीची तयारी

टोकन दिलं की दुसऱ्या दिवशी एजंटाचा ड्राफ्ट येतो आणि सोबत निरोप असतो, "स्टँडर्ड फॉरमॅट आहे, वाचत बसू नका." तो वाचायला घेण्याआधी एका कागदावर एकच आकडा लिहून घ्या: फर्निचर, वायरिंग, टाइल्स, एसी, बोर्ड मिळून या गाळ्यात तुम्ही किती पैसे घालणार आहात. ड्राफ्टमधलं प्रत्येक कलम या आकड्याशी ताडून वाचायचं आहे. उदाहरण म्हणून पुण्यातला 300 चौरस फुटांचा गाळा धरू. बेकरी टाकायची आहे, भाडं महिना 60,000, मुदत 5 वर्षं आणि आतल्या कामाचा खर्च 9 लाख.

सगळ्यात आधी कागदाचं नाव पाहा. महाराष्ट्रात दुकानांचे बहुतेक करार लीव्ह अँड लायसन्सचे असतात. साठ महिन्यांपर्यंत मुद्रांक शुल्क जवळपास पाव टक्का बसतं आणि गाळ्यात भाडेकरूचा हक्क तयार होत नाही, म्हणून मालकांना तो सोयीचा वाटतो. तुमच्या बाजूने मात्र त्यात एक मोठी फट आहे. मालकाने गाळा विकला तर नवा मालक केवळ खरेदी केली म्हणून तुमच्या लायसन्सला बांधील राहत नाही. 1882 च्या सुविधाधिकार कायद्यात हे सरळ लिहिलेलं आहे. नोंदणीकृत भाडेपट्टा असेल तर खरेदीदाराला तो पट्टा मान्य करूनच गाळा घ्यावा लागतो. मालक पट्ट्याला तयार नसेल, आणि बहुतेक नसतोच, तर लायसन्समध्येच लिहून घ्या की गाळा विकण्याआधी खरेदीदाराकडून हा करार लेखी मान्य करून घेतला जाईल, आणि तसं झालं नाही तर न फिटलेल्या फर्निचरची भरपाई मालक देईल. दोन्हीपैकी कोणताही कागद असो, तो नोंदणीकृतच हवा. नुसत्या नोटरीवर समाधान मानू नका.

न फिटलेलं फर्निचर म्हणजे काय, तेही करारात आकड्यांत यायला हवं. 9 लाख भागिले 60 महिने, म्हणजे दर महिन्याला 15,000 फिटतात. आता लॉक-इनचं कलम वाचा. ड्राफ्टमध्ये बहुधा असं असतं: लायसन्सी 36 महिने गाळा सोडणार नाही, मालकाला मात्र दोन महिन्यांच्या नोटिशीने करार संपवता येईल. अठराव्या महिन्याअखेर मालकाने गाळा परत घेतला तर 42 महिन्यांचे 6,30,000 रुपये तुमच्या भिंतींवर चिकटलेले राहतात. म्हणून मालकाचं लॉक-इन पूर्ण 60 महिन्यांचं मागा. तुमचं लॉक-इन जितकं कमी तितकं बरं. नव्या धंद्याला 12 ते 18 महिन्यांपेक्षा जास्त बांधून घेऊ नये, असं माझं मत आहे. त्यापुढे नोटिशीचे दोन महिने लॉक-इनच्या आतच देता येतील की लॉक-इन संपल्यावर सुरू होतील, हेही स्पष्ट करून घ्या. त्या एका शब्दावर 1,20,000 रुपये अवलंबून असतात.

लॉक-इनमध्ये सोडावं लागलं तर "उरलेल्या मुदतीचं संपूर्ण भाडं" असा दंड लिहिलेला असतो. भारतीय करार कायद्याच्या कलम 74 प्रमाणे कोर्ट वाजवी भरपाईच देतं, लिहिलेली रक्कम ही वरची मर्यादा असते. पण तिथवर पोहोचेपर्यंत डिपॉझिट मालकाकडे अडकलेलं असतं. त्यापेक्षा आधीच लिहा की दंड तीन महिन्यांच्या भाड्यापर्यंतच राहील, आणि महापालिकेची कारवाई, इमारतीची दुरुस्ती किंवा गाळ्याच्या कागदपत्रांतल्या दोषामुळे दुकान बंद पडलं तर लॉक-इन लागू होणार नाही.

भाडेवाढीचं कलम सोपं दिसतं, पण तिथे कॅल्क्युलेटर काढा. दरवर्षी 5 टक्के चक्रवाढीने पाच वर्षांत एकूण भाडं 39,78,454 होतं. तीन वर्षांनी एकदाच 15 टक्के वाढ धरली तर 38,16,000. फरक 1,62,454 रुपयांचा. म्हणून "5 टक्के वाढ" एवढंच लिहून चालत नाही, प्रत्येक वर्षाचं भाडं रुपयांत लिहिलेला तक्ता कराराला जोडा. वाढ फक्त भाड्यावर, मेंटेनन्स आणि जीएसटीवर नाही, हेही लिहा. आणि पहिलं वर्ष मोजायचं ते भाडं सुरू होण्याच्या तारखेपासून, करार झाल्याच्या तारखेपासून नाही.

कारण या दोन तारखांमध्ये फर्निचरचे दिवस येतात. 300 चौरस फुटांच्या बेकरीला 45 दिवस लागतात, सुतार एक असला तर जास्त. ते बिनभाड्याचे मागा, आणि ही 45 दिवसांची मुदत किल्ली मिळाल्यापासून आणि वीज सुरू असल्यापासून धरा. ओव्हनला विजेचा भार वाढवावा लागतो. अर्ज मालकाच्या नावाने जातो, म्हणून त्याची सही आणि सोसायटीचं ना-हरकत पत्र किल्लीसोबतच घ्यायचं. वाढीव भाराचं डिपॉझिट कोण भरणार आणि ते शेवटी कुणाला परत मिळणार, हेही लिहा. पोटमाळा "करून घ्या, सगळे करतात" असं मालक म्हणाला तर मंजूर नकाशा मागा. नकाशात तो नसेल तर पाडण्याची नोटीस येऊ शकते आणि पैसे तुमचेच जातात.

शेवटचं कलम बाहेर पडण्याचं. त्याबद्दल मी जरा पोटतिडकीने लिहिते, कारण माझ्या पहिल्या दुकानात मी ते वाचलंच नव्हतं. करारात "मूळ स्थितीत परत" एवढंच होतं. मूळ स्थिती कोणती, त्याचा एकही फोटो माझ्याकडे नव्हता. शेवटच्या दिवशी मालक काउंटरखालच्या फरशीतल्या चार भोकांवर किल्लीचं टोक ठेवत हिंडले आणि सगळी फरशी नवी घालून द्या म्हणाले. फरशी तशीही दहा-बारा वर्षांची, दोन ठिकाणी आधीच तडकलेली होती. पण ते दाखवायला काही नव्हतं, आणि डिपॉझिटातून 40,000 गेले.

म्हणून ताबा घेताना फरशी, भिंती, शटर, सीलिंग, मीटर यांचे तारखेसह फोटो काढा, छापा, प्रत्येकावर दोघांच्या सह्या घ्या आणि ते कराराचं परिशिष्ट करा. त्याच परिशिष्टात दोन याद्या जोडा: काय काढून नेणार (एसी, ओव्हन, रॅक, काउंटर, बोर्ड) आणि काय तिथेच राहणार (वायरिंग, टाइल्स, प्लंबिंग). राहणाऱ्या वस्तू काढण्याचा किंवा त्यांच्या जागी जुनं बसवून देण्याचा खर्च तुमच्यावर येणार नाही, असं लिहा. नेहमीच्या वापराची झीज दुरुस्तीत धरायची नाही, हे वाक्य नसेल तर घाला.

सोडण्याच्या 30 दिवस आधी एकत्र पाहणी व्हावी, दुरुस्तीची यादी लेखी मिळावी आणि कपात झालीच तर बिल दाखवून व्हावी, अशी तरतूद ठेवा. किल्ली आणि डिपॉझिट एकाच वेळी, समोरासमोर. मालकाने किल्ली घ्यायला नकार दिला तर त्या दिवसापासून भाडं थांबेल, हेही लिहा. आणि जे न्यायचं आहे ते किल्ली देण्याआधीच उचला. भाडेपट्ट्यातही जोडलेल्या वस्तू काढून नेण्याचा हक्क ताबा तुमच्याकडे असेपर्यंतच असतो. किल्ली दिल्यावर मीटरचं शेवटचं रीडिंग, तारीख आणि वेळ लिहिलेली पोच तिथल्या तिथे सही करून घ्या.