बजेट १० हजार पाकिटांचं, माल बनला ८ हजार: फ्लेक्सिबल बजेट लावताना या चुका टाळा

चकलीचा एक छोटा कारखाना आहे, त्यांचे महिन्याचे रिपोर्ट मी बनवतो. मालक जूनचा रिपोर्ट बघून एकदम खूश, म्हणे बघा खर्च १ लाख २१ हजारांनी कमी आला, सुपरवायझरला काहीतरी बक्षीस देऊ. मी म्हटलं साहेब थांबा जरा, आधी बँकेत किती उरलेत ते बघा. उरलेले काही दिसेनात. मग बसलो दोघं कागद घेऊन, त्यातून जे निघालं ते इथे लिहितोय, कारण हीच चूक मी चार ठिकाणी तरी बघितलीय (आकडे सोपे पडावेत म्हणून गोल केलेत).

प्लॅन होता १०,००० पाकिटांचा, अर्ध्या किलोचं पाकीट, भाव ११० रुपये. पाऊस सुरू झाला, चकली सादळते म्हणून दुकानदारांनी ऑर्डरी कमी केल्या, आणि बनली-विकली गेली ८,००० पाकिटं. बजेटमध्ये एका पाकिटाला कच्चा माल ६० रुपये, पॅकिंग ६, मजुरी १४ (बायका पाकिटावर पैसे घेतात, पगारावर नाहीत), लाइट आणि गॅस ४. त्याशिवाय लाइट-गॅसचे महिन्याचे १०,००० ठरलेले, आणि भाडं, सुपरवायझरचा पगार, मशीनचा घसारा मिळून ९०,०००.

पहिली चूक: १० हजारांचं बजेट ८ हजारांच्या खर्चाशेजारी ठेवणं

१० हजार पाकिटांचं बजेट होतं ९,४०,००० आणि झालेला खर्च ८,१९,०००. वजाबाकी केली की १,२१,००० ची "बचत". पण अहो, २ हजार पाकिटं बनवलीच नाहीत तर त्यांचं पीठ, तेल, पिशवी लागणारच नव्हती, त्यात बचत कसली! घरी दहा जणांचा स्वयंपाक ठरला आणि आठच आले तर किराणा कमी लागला म्हणून कोणी स्वतःची पाठ थोपटून घेत नाही. प्रश्न हा असायला हवा की ८ हजार पाकिटांना किती खर्च यायला हवा होता. ते उत्तर म्हणजे फ्लेक्सिबल बजेट, बाकी त्यात काही जादू नाही.

| खर्च | १०,००० चं बजेट | ८,००० ला यायला हवा | खरा झालेला |
|---|---|---|---|
| कच्चा माल | ६,००,००० | ४,८०,००० | ५,२०,००० |
| पॅकिंग | ६०,००० | ४८,००० | ४७,००० |
| मजुरी | १,४०,००० | १,१२,००० | १,१६,००० |
| लाइट-गॅस | ५०,००० | ४२,००० | ४४,००० |
| भाडं, पगार, घसारा | ९०,००० | ९०,००० | ९२,००० |
| एकूण | ९,४०,००० | ७,७२,००० | ८,१९,००० |

मधला रकाना घातला आणि मालकांचा चेहरा उतरला. १,२१,००० वाचले नव्हते, उलट ४७,००० जास्त गेले होते, आणि त्यातले ४०,००० एकट्या कच्च्या मालात. पहिल्या पद्धतीत कच्चा माल ८०,००० नी "फेवरेबल" दिसत होता, म्हणजे जिथे भोक आहे तिथेच शाबासकी.

पण म्हणून १० हजारांचं मूळ बजेट, म्हणजे फिक्स्ड बजेट, फेकून द्यायचं नाही हं, ही उलट्या बाजूची चूक. ते पण तिथेच राहू द्या, कारण नफा किती हुकला ते त्याच्याशिवाय कळत नाही. प्लॅनमधला नफा १,६०,०००, खरा नफा ७७,००० (पाकीट सरासरी ११२ ला गेलं, म्हणून विक्री ८,९६,०००). फरक ८३,०००. त्यातले ५२,००० फक्त पाकिटं कमी खपली म्हणून गेले, एका पाकिटामागे भाव ११० वजा माल, पॅकिंग, मजुरी, लाइट-गॅस मिळून ८४ म्हणजे २६ रुपये सुटतात, गुणिले २,०००. याचं उत्तर विक्रीवाल्याकडे मागायचं, कारखान्यात नाही. उरलेले ३१,००० म्हणजे खर्चात गेलेले ४७,००० वजा भाव जास्त मिळाला त्याचे १६,०००. तीन रकाने असले की कोणाला काय विचारायचं ते वेगळं होतं, दोनच असले की सगळ्यांचं खापर एकाच्या डोक्यावर.

दुसरी चूक: सगळंच ८० टक्के करून टाकणं

हे एक्सेलवाले लोक फार करतात. ८ हजार म्हणजे ८० टक्के, मग अख्ख्या बजेटला 0.8 ने गुणलं, फॉर्म्युला खाली ओढला, झालं. येतं ७,५२,०००. आपल्या ७,७२,००० पेक्षा २०,००० कमी, आणि हे २०,००० कुठून आले? भाडं-पगार-घसारा ९०,००० चे ७२,००० करून टाकले, लाइट-गॅसचे ठरलेले १०,००० होते त्यांचे ८,०००. गाळ्याचा मालक काय दोन हजार पाकिटं कमी केली म्हणून भाडं सोडणार आहे? मग रिपोर्टमध्ये कारखान्याने ६७,००० जास्त उडवले असं दिसतं आणि सुपरवायझर बिचारा नसलेल्या २०,००० चा हिशोब देत बसतो. ओळखायचं सोपं आहे, भाड्याच्या ओळीत मधला रकाना बजेटपेक्षा कमी दिसला की समजा कोणीतरी फॉर्म्युला ओढलाय.

याच चुकीची चुलतबहीण म्हणजे मजुरी डोळे झाकून व्हेरिएबल, म्हणजे मालाबरोबर कमी-जास्त होणारी, धरणं. इथे पाकिटावर पैसे आहेत म्हणून चालतं. जिथे कामगार महिन्याच्या पगारावर आहेत तिथे माल कमी बनला तरी पगार तेवढाच जातो, पुस्तकात "डायरेक्ट लेबर व्हेरिएबल" लिहिलंय म्हणून तुमच्याकडे ती व्हेरिएबल होत नाही. मस्टर बघा, पुस्तक नंतर.

तिसरी चूक: लाइट बिलाचे दोन तुकडे चुकीच्या जागी पाडणं

सेमी-व्हेरिएबल खर्च, म्हणजे थोडा ठरलेला आणि थोडा मालाबरोबर वाढणारा, हीच सगळ्यात नाजूक जागा. महावितरणच्या बिलावर "स्थिर आकार" वेगळा छापलेला असतो, लोक तेवढाच फिक्स्ड धरतात आणि बाकी सगळं पाकिटांवर टाकतात. पण ऑफिसचे दिवे, पंखे, सीसीटीव्ही, पाण्याची मोटर हे एक चकली तळली नाही तरी चालूच असतं, त्यांचे युनिट स्थिर आकारात येत नाहीत. म्हणून बिल वाचून नाही, मागचे महिने बघून तुकडे पाडायचे.

मी हाय-लो पद्धत वापरली. मागच्या वर्षात साध्या महिन्यांपैकी सगळ्यात जास्त माल १२,००० पाकिटं, तेव्हा लाइट-गॅस ५८,०००. सगळ्यात कमी ७,००० पाकिटं, तेव्हा ३८,०००. पाकिटांचा फरक ५,०००, खर्चाचा २०,०००, म्हणजे पाकिटाला ४ रुपये. मग ५८,००० मधून १२,००० गुणिले ४ म्हणजे ४८,००० काढले, राहिले १०,०००. हेच एक्सेलमध्ये, B2 मध्ये खरी पाकिटं टाकून:

```
=10000+4*B2
```

इथे गडबड दोन जागी होते. एक, लोक सगळ्यात मोठं बिल आणि सगळ्यात छोटं बिल निवडतात, निवडायचे असतात सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी उत्पादनाचे महिने, बिल मग जे असेल ते. आणि दोन, त्या दोनपैकी एखादा महिना विचित्र असला, म्हणजे मागची थकबाकी त्यात आली किंवा मध्येच दर वाढला, तर सगळं गणित वाकडं. तो महिना सोडून पुढचा घ्या. दोन आकडे टाकून उत्तर निगेटिव्ह फिक्स्ड आलं तर बहुधा असा महिना घुसलाय, कारण बंद कारखान्याला महावितरण पैसे देत नाही.

चौथी चूक: फरक दिसला की तिथेच थांबणं

कच्च्या मालात ४०,००० जास्त, एवढंच फ्लेक्सिबल बजेट सांगतं, का ते सांगत नाही. मालकांनी लगेच पीठवाल्याला फोन लावायला घेतला होता. म्हटलं आधी फोडून बघू. साठ रुपयांमध्ये तेल होतं १५० ग्रॅम, १४० रुपये किलोने २१ रुपये, आणि भाजणी-मसाला ३९. आठ हजार पाकिटांना तेल लागायला हवं १,२०० किलो, स्टोअरच्या वहीत निघालं १,४०० किलो. भाव तोच १४०. म्हणजे २८,००० नुसते जास्त तेल गेल्याचे, भाव वाढल्याचे नाहीत. उरलेले १२,००० भाजणीत, त्यात भाव थोडा वाढलेला होता.

जास्त तेल कुठे गेलं हे कागदावर दिसत नव्हतं, तळणीजवळ उभं राहिल्यावर दिसलं. गॅस वाचवायचा म्हणून कढई नीट तापायच्या आधीच घाणा टाकत होते, आणि तेल गार असलं की चकली तेल पिते, कोणत्याही आजीला विचारा. गंमत म्हणजे गॅसही वाचला नव्हता, लाइट-गॅसच्या ओळीत २,००० जास्तच आहेत, कारण गार तेलात घाणा जास्त वेळ राहतो. मजुरीतल्या ४,००० मध्ये पण याचा हात असणार असं मला वाटतं, तेलकट माल परत आला की तो पुन्हा बनवायचे पैसे द्यावे लागतात.

पाचवी चूक: तेच सूत्र दिवाळीला लावणं

हे मात्र माझं स्वतःचं पाप. दिवाळीच्या महिन्यात १६,००० पाकिटं झाली, मी निवांतपणे ८४ गुणिले १६,००० अधिक १,००,००० असं १४,४४,००० काढलं. खर्च आला त्यापेक्षा ५३,००० जास्त. मी अ‍ॅडव्हर्स, म्हणजे खर्च जास्त झाला, असं लिहून पाठवलं आणि सुपरवायझर वही घेऊन माझ्यासमोर उभा. रात्रपाळीला दुसरा सुपरवायझर ठेवला त्याचे २२,०००, एक तळणी भाड्याने आणली १५,०००, आणि १२,००० च्या वरच्या ४ हजार पाकिटांना रात्रीची मजुरी १४ ऐवजी १८, म्हणजे जास्तीचे १६,०००. बेरीज ५३,०००, एक रुपया इकडे तिकडे नाही.

म्हणजे त्याने काही उधळलं नव्हतं, माझंच सूत्र ७,००० ते १२,००० पाकिटांमधल्या महिन्यांवरून काढलेलं आणि मी ते त्याच्या बाहेर ताणलं. आता फाइलमध्ये १२,००० च्या वर वेगळी ओळ आहे, फिक्स्डमध्ये ३७,००० वाढतात आणि वरच्या पाकिटांची मजुरी १८ लागते. पाकिटं मात्र मी गोडाऊनच्या पावत्यांवरून नाही, उत्पादन रजिस्टरवरून घेतो, कारण ज्या महिन्यात ९,००० बनली आणि ८,२०० विकली गेली त्या महिन्यात खर्च ९,००० वर ताणायचा आणि विक्री ८,२०० वर, नाहीतर शिल्लक पडलेल्या ८०० पाकिटांचं पीठ-तेल कारखान्याने खाल्लं असं दिसतं. जूनमध्ये बनली तेवढीच विकली म्हणून हा घोळ दिसला नाही, जुलैत दिसला.

सुपरवायझरला बक्षीस मिळालं नाही, तळणीला थर्मामीटर मिळाला.