काकांच्या फॉरवर्डला नम्रपणे ‘नाही’ म्हणताना

सिडकोतल्या काकांनी घरच्या ग्रुपवर फॉरवर्ड टाकला: ‘कांद्याची निर्यातबंदी योग्यच, शेतकरी उगाच ओरडतात.’ मला हे पटलं नाही, पण ग्रुपवर उत्तर दिलं नाही. तिथे आत्या, भाचे, सुना सगळे वाचतात आणि काकांना माघार घेणं अवघड होतं. 🙏 सुद्धा टाकला नाही, कारण तो होकार समजला जातो.

संध्याकाळी फोन केला. आधी खरोखर पटलेलं सांगितलं: “काका, शहरात कांदा महागला की घरखर्च कोलमडतो, हे खरंय.” मग माझं मत: “पण बंदी मला योग्य वाटत नाही. डिसेंबर २०२३ ते मे २०२४ निर्यात बंद होती, तेव्हा निफाडच्या मामांचा माल पडून राहिला. त्यांचं ओरडणं उगाच नव्हतं.”

‘तुम्हाला कोणीतरी भरवलंय’ हे वाक्य मात्र टाळाच. त्यात मुद्दा राहतो बाजूला आणि वडीलधाऱ्यांची अक्कल काढल्यासारखं होतं. काकांचा आवाज चढला, तेच ते पुन्हा सुरू झालं, तेव्हा म्हटलं, “यावर आपलं जुळत नाही, काका. रविवारी येतो, काकूंना सांगा.”