ए/बी टेस्टमध्ये बी जिंकला? लाइव्ह करायच्या आधी या चुका टाळा

टेस्ट लावून दोन दिवस झालेले असतात, डॅशबोर्डवर हिरव्या रंगात "९७% कॉन्फिडन्स" झळकतं आणि लगेच मेसेज जातो की बी जिंकला, लाइव्ह करून टाका. घोळ बहुतेक वेळा इथूनच सुरू होतो.

हिशोब नीट कळावा म्हणून एक दुकान धरू. कॉटन साड्या आणि ड्रेस मटेरियल विकणारी साइट आहे, रोज १५०० लोक येतात आणि शंभरातले साधारण २ जण ऑर्डर देतात. कॅश ऑन डिलिव्हरीला ५० रुपये जादा घेतात, हे झालं ए. बी मध्ये तो चार्ज काढला आणि साडीच्या फोटोखालीच लिहिलं, "सीओडी फ्री". निम्म्यांना ए दिसतं, निम्म्यांना बी.

दुसऱ्याच दिवशी निकाल लावणं

दोन दिवसांनी दोन्हीकडे १५००-१५०० लोक येऊन गेले, ए ला ३२ ऑर्डरी आल्या आणि बी ला ५२. म्हणजे ६२ टक्के वाढ, पी व्हॅल्यू ०.०२७, नेहमीच्या ०.०५ च्या रेघेखाली, म्हणून टूल म्हणतं सिग्निफिकंट. आता या ०.०२७ चा अर्थ काय, तर ए आणि बी मध्ये खरं म्हणजे काहीच फरक नसता तरी एवढा किंवा याहून मोठा फरक हजारातल्या २७ टेस्टमध्ये नुसत्या योगायोगाने दिसला असता. "बी भारी असण्याची शक्यता ९७ टक्के" असा त्याचा अर्थ अजिबात होत नाही, पण निम्मे लोक तो तसाच वाचतात.

आणि हा अर्थसुद्धा तेव्हाच खरा, जेव्हा तुम्ही आधी ठरवलेल्या दिवशी एकदाच आकडा बघता. रोज सकाळी चहासोबत डॅशबोर्ड उघडायचं आणि हिरवं दिसलं की टेस्ट थांबवायची, असं केलं तर ५ टक्के चुकीची शक्यता ५ टक्के राहतच नाही. वाढत जाणाऱ्या त्याच डेटावर समान अंतराने १० वेळा बघितलं आणि दरवेळी ०.०५ चीच रेघ धरली, तर काहीच फरक नसताना "जिंकला" दिसायची शक्यता १९ टक्क्यांच्या आसपास जाते. डॅशबोर्ड बघू नका असं नाही, पेमेंट अडकतंय का, पेज तुटलंय का हे रोज बघायलाच हवं, फक्त त्या आकड्यावर निकाल लावायचा नाही.

त्यात ते ६२ टक्के. टूल रेंज देतं ती उघडून बघा, इथे फरक शंभर लोकांमागे ०.१५ ऑर्डरींपासून २.५ ऑर्डरींपर्यंत कुठेही असू शकतो, म्हणजे नगण्य ते अफाट. कमी लोकांवरच्या टेस्टमध्ये फरक मोठा दिसला तरच तो सिग्निफिकंट ठरतो, त्यामुळे असे लवकर लागलेले निकाल जवळजवळ नेहमीच फुगलेले असतात आणि लाइव्ह केल्यावर ती वाढ कुठे गेली म्हणून शोधाशोध सुरू होते.

किती लोक लागतील हे आधी न काढणं

टेस्ट लावायच्या आधीच स्वतःला विचारायचं की कमीत कमी किती वाढ झाली तर मला हा बदल परवडतो. आपल्या दुकानाने ठरवलं, २ चे २.४ टक्के झाले पाहिजेत. ढोबळ सूत्र असं, यात p म्हणजे आत्ताचा ऑर्डरींचा दर, d म्हणजे पकडायची वाढ आणि n म्हणजे लागणारे लोक:

```
n = 16 × p × (1 − p) / d²
p = 0.02, d = 0.004  →  n = 19600
```

हे दर बाजूचे लोक, ८० टक्के पॉवर धरून, म्हणजे खरंच एवढा फरक असेल तर शंभरातल्या ८० टेस्टमध्ये तो पकडला जाईल. कॅल्क्युलेटर थोडं जास्त, २१,००० च्या आसपास सांगतो, तोच धरू. दोन्ही मिळून ४२,००० म्हणजे रोज १५०० ने बरोबर २८ दिवस, पूर्ण चार आठवडे. पूर्ण आठवडे महत्त्वाचे, कारण रविवारचं गिऱ्हाईक आणि मंगळवारचं गिऱ्हाईक सारखं नसतं, पगार झाल्यावरचा आठवडा वेगळा आणि मधेच पाडव्याचा सेल लागला तर ते अजूनच वेगळं. २ चे २.२ पकडायचे असतील तर दर बाजूला ८०,००० लागतात, फरक निम्मा केला की लोक साधारण चौपट होतात. छोट्या दुकानाने बटणाच्या रंगाच्या टेस्ट करूच नयेत असं माझं स्पष्ट मत आहे, तेवढा बारीक फरक पकडायला लागणारी गर्दीच त्यांच्याकडे नसते.

निकाल वाचायच्या आधी एक गोष्ट तपासा, वाटणी खरंच निम्मी-निम्मी झालीय का. ४२,००० मध्ये शे-दोनशेचा फरक चालतो, पण २१,६०० आणि २०,४०० दिसले तर तो योगायोग नाही, कुठेतरी गडबड आहे. बी रिडायरेक्टने उघडतं आणि स्लो नेटवर लोक मोजले जायच्या आधीच निघून जातात, किंवा एका बाजूला बॉट घुसलेत. अशा टेस्टचा निकाल वाचायचाच नाही, गडबडीचं कारण शोधून टेस्ट पुन्हा लावायची.

ऑर्डरी मोजल्या, पैसे मोजलेच नाहीत

आता धरू की दुकानाने धीर धरला. २८ दिवसांनी ए ला २१,००० लोकांत ४२० ऑर्डरी, बी ला तेवढ्याच लोकांत ५०४. पी व्हॅल्यू ०.००५, वाटणी बरोबर, सगळं नियमाने झालं. बी खरंच जास्त ऑर्डरी आणतं यात आता फारशी शंका नाही. पण म्हणून लाइव्ह करायचं का?

सीओडीत ऑर्डर पडली म्हणजे पैसे आले असं नसतं. पार्सल दारात जातं, माणूस फोन उचलत नाही किंवा नको म्हणतो आणि ते आरटीओ, म्हणजे रिटर्न टू ओरिजिन, होऊन दुकानाकडे परत येतं. ए मध्ये ४२० पैकी ६३ परत आली, १५ टक्के. बी मध्ये ५०४ पैकी १२६, म्हणजे २५ टक्के, कारण ५० रुपये गेल्यावर सहज म्हणून ऑर्डर टाकणारे वाढले. पोचली किती, तर ए ची ३५७ आणि बी ची ३७८. ८४ जादा ऑर्डरींतून हातात राहिल्या २१.

पोचलेल्या ऑर्डरवर माल सोडून ४२० रुपये सुटतात, कुरियरचे ८० गेले की ३४०. परत आलेल्या पार्सलवर जायचे ८० आणि यायचे ७० असे १५० बुडतात. ए चे ३५७ गुणिले ३४० म्हणजे १,२१,३८०, त्यातून ६३ पार्सलांचे ९,४५० वजा, आणि पोचलेल्या २०० सीओडी ऑर्डरींवरचे ५० प्रमाणे १०,००० जमा, एकूण १,२१,९३०. बी चे १,२८,५२० वजा १८,९००, म्हणजे १,०९,६२०. दर व्हिजिटरमागे ए ५ रुपये ८० पैसे देतं, बी ५ रुपये २० पैसे.

इथे उलटी घाईपण नको. ३५७ आणि ३७८ मधला फरक योगायोगानेही सहज पडतो, त्यामुळे ए आणि बी च्या नफ्यात नेमका एवढाच फरक आहे असं छातीठोक सांगता येत नाही. पण परतीचं १५ चं २५ होणं योगायोगाने होत नाही आणि चार्जचे पैसे गेले ते तर गेलेच. बी फायद्याचं आहे असं दाखवणारं काहीच हातात नाही, त्यामुळे बी लाइव्ह होत नाही.

यात अडचण वेळेची आहे. टेस्ट संपली त्या दिवशी शेवटच्या ऑर्डरी अजून कुरियरकडेच असतात, परत येणारी पार्सलं त्यानंतर दोन-तीन आठवड्यांत येत राहतात. सगळ्या ऑर्डरी एकतर पोचल्या किंवा परत आल्या असं होईपर्यंत निकालाचा मेल पाठवायचा नाही.

मग टीममधला कोणीतरी म्हणतो, "अरे पण नागपूरमध्ये मोबाइलवर बी जबरदस्त चाललंय." शहर, डिव्हाइस, वय असे २० तुकडे पाडले तर काहीच फरक नसतानाही एखाद्यात ५ टक्क्यांची रेघ ओलांडली जाणं सहज होतं. तो तुकडा नवीन टेस्टसाठी कल्पना म्हणून वहीत लिहून ठेवा, त्यावर निर्णय नको.

या दुकानाने पुढची टेस्ट १५०० रुपयांच्या वरच्या ऑर्डरलाच सीओडी फ्री अशी लावावी आणि निकाल ऑर्डरींवर न लावता परती वजा करून दर व्हिजिटरमागे उरलेल्या पैशांवर लावावा. तो आकडा ऑर्डरींपेक्षा जास्त खालीवर होतो, काही साड्या ६०० च्या तर काही ४००० च्या, त्यामुळे २१,००० लोक पुरणार नाहीत. मागच्या दोन-तीन महिन्यांच्या ऑर्डरींवरून तो आकडा किती हलतो ते आधी काढा आणि मगच टेस्टची तारीख ठरवा.