ओळख परेड: आधी फोटो दाखवण्याची चूक टाळा

समजा, कोपरखैरण्यात संध्याकाळी साडेसातला मोटरसायकलवरून आलेल्या माणसाने एका बाईंची सोनसाखळी खेचली. चेहरा दिसला दोन-तीन सेकंद, तोही अंधुक उजेडात, आणि बाईंचा हात गळ्याशी. महिनाभराने संशयित सापडतो. पोलीस ठाण्यात कुणीतरी मोबाइलवरचा फोटो पुढे करतो, "ताई, हाच ना?"

ओळख परेड, म्हणजे रांगेत उभ्या माणसांतून साक्षीदाराने गुन्हेगार ओळखणे, इथेच बिघडते. चेहरा ओळखीचा आहे एवढे मन सांगते, पण तो कुठे पाहिला हे नीट सांगत नाही. तळोजा कारागृहातल्या परेडमध्ये बाई ज्याच्याकडे बोट दाखवतील तो मोबाइलमधला माणूस असू शकतो. त्या खोटे बोलत नसतात, म्हणून उलटतपासणीतही डगमगत नाहीत.

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या बर्लिंग्टनमध्ये 1984 साली हेच झाले. बलात्काराची शिकार झालेल्या तरुणीने फोटोंतून रोनाल्ड कॉटनला निवडले. पुढच्या परेडमध्ये दोन्हीकडे असलेला चेहरा एकट्या कॉटनचाच होता. तिने त्यालाच निवडल्यावर फोटोतला माणूसही हाच असल्याचे पोलिसांनी तिला सांगितले, आणि शंका खात्रीत बदलली. खरा गुन्हेगार पुढे कोर्टात समोर आणला, तर याला कधी पाहिलेच नाही, असे ती म्हणाली. 1995 मध्ये डीएनएमुळे कॉटन सुटला.

म्हणून परेड घ्यायची असेल तर त्या साक्षीदाराला संशयिताचा फोटो किंवा सीसीटीव्ही दाखवू नये. दाखवला गेलाच असेल, तर तारखेसह नोंद करावी आणि ज्याने काहीच पाहिलेले नाही असा दुसरा साक्षीदार शोधावा. त्याच साक्षीदाराची परेड पुन्हा घेऊन काही साधत नाही.

दुसरी चूक डमी निवडताना होते; डमी म्हणजे आरोपीशेजारी रांगेत उभी केलेली इतर माणसे. मुंबई उच्च न्यायालयाच्या फौजदारी नियमपुस्तिकेनुसार एका आरोपीबरोबर किमान सहा डमी हवेत. आकडा बहुतेक ठिकाणी पाळला जातो, साम्य मात्र पाहिले जात नाही. दाढी-लांब केसांच्या आरोपीशेजारी तसे कुणीच उभे नव्हते, या कारणासह सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्ये महाराष्ट्रातल्या एका खटल्यातली परेड नाकारली. तपासण्याचा सोपा मार्ग असा: घटना न पाहिलेल्या माणसाला फिर्यादीतले वर्णन वाचायला द्या आणि रांगेतला आरोपी ओळखायला सांगा. सातांत एकदा जमले तर योगायोग. वेगवेगळ्या लोकांना हे सारखेच जमू लागले, तर रांगच आरोपीकडे बोट दाखवते आहे.

परेड घेणाऱ्या दंडाधिकाऱ्यांनी साक्षीदार आत येताच त्याला सांगावे, "तो माणूस इथे असेलच असे नाही, नसेल तर तसे सांगा." हे सांगितले नाही, तर साक्षीदार आठवणीशी ताडून पाहण्याऐवजी सातांतला सर्वांत जवळचा चेहरा निवडतो. निवड झाल्यावर किती खात्री आहे, हे त्याच्याच शब्दांत लगेच लिहून घ्यावे, "बरोबर" म्हणण्याआधी. "बहुतेक हाच वाटतो" हे वाक्य परेडच्या नोंदीत, म्हणजे मेमोत, राहिले, तर कोर्टातले "शंभर टक्के हाच" कुठून आले हे विचारता येते.

कागद चाळताना वकिलाने अटक, रिमांड आणि परेड या तीन तारखा शेजारी लिहाव्यात. अटकेपासून परेडपर्यंत आरोपीचा चेहरा झाकल्याची नोंद नसेल, तर साक्षीदार त्या दिवसांत कोर्टात किंवा ठाण्यात कधी होता, हा पहिला प्रश्न.